‘मानलं तर बिघडलं काय?’ या पैजेचा तक्ता कसा मांडायचा आणि कुठे तपासायचा

प्रश्न: माझा एक मित्र म्हणतो, "देव असेल तर मानणाऱ्याला सगळं मिळतं, नसेल तर त्याचं काही जात नाही. न मानणाऱ्याला मात्र देव निघाला तर पस्तावावं लागेल. मग मानणंच शहाणपणाचं." मला यात काहीतरी खटकतं, पण नेमकं बोट ठेवता येत नाही. असा युक्तिवाद शिस्तीत कसा तपासायचा?

उत्तर:

तुमचा मित्र ‘देव आहे’ असं सिद्ध करत नाहीये, हे आधी लक्षात घ्या. तो म्हणतोय की देव आहे की नाही ते ठरत नसलं तरी मानणं फायद्याचं आहे. हे दोन वेगळे दावे आहेत. म्हणून त्याच्यासमोर देवाच्या अस्तित्वाविरुद्ध पुरावे मांडत बसलात तर त्याच्या युक्तिवादाला धक्काही लागणार नाही. त्याने पुरावा मागितलेलाच नाही आणि दिलेलाही नाही. उलट बाजूने, त्याची पैज फसली म्हणून देव नाही असंही ठरत नाही. तपासायचा आहे तो त्याचा हिशोब.

ही पैज ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १६५४ साली पास्काल आणि दुसरा फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला. अर्धवट सोडलेल्या जुगारातली रक्कम खेळाडूंमध्ये कशी वाटायची, हा त्यातला प्रश्न होता आणि त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. देवाबद्दलची पैज त्याच्या टिपणांत सापडते. ती टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १६७० साली छापली गेली. थोडक्यात, शक्यता आणि लाभ यांचा गुणाकार करणं ज्याला नीट कळत होतं अशा माणसाचा हा युक्तिवाद आहे. तो एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही, आणि म्हणूनच कागद घेऊन बसणं योग्य.

तक्ता मांडताना ओळींमध्ये आपल्या हातातले पर्याय लिहायचे, रकान्यांमध्ये आपल्या हातात नसलेल्या स्थिती, आणि प्रत्येक चौकटीत त्या पर्यायाचं त्या स्थितीत काय फळ मिळेल ते. मित्राचं म्हणणं असं दिसेल:

| | देव आहे | देव नाही |
|---|---|---|
| मानणे | +१००० | −१० |
| न मानणे | ० | ० |

आकडे मी निवडलेले आहेत, तुम्ही आपले घाला. इथे १० म्हणजे मानण्यासाठी आयुष्यभरात खर्च होणारा वेळ आणि सोडून द्याव्या लागणाऱ्या गोष्टी. १००० म्हणजे त्याच्या शंभरपट मोठा लाभ. ‘पस्तावावं लागेल’ यासाठी खालच्या डाव्या चौकटीत शून्याऐवजी −१००० लिहावंसं वाटेल. लिहा, हरकत नाही. मात्र निर्णयासाठी एका रकान्यातल्या दोन आकड्यांमधला फरक तेवढा महत्त्वाचा असतो. शिक्षेची भीती घालणं आणि बक्षीस दुप्पट करणं हे हिशोबात एकच आहे. शिक्षेने युक्तिवादात नवीन काही येत नाही, फक्त आकडा फुगतो.

आता या तक्त्यावरून ‘माना’ असा निष्कर्ष तीन वेगळ्या वाटांनी काढता येतो. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी १९७२ साली दाखवून दिलं की पास्कालच्या त्या एका उताऱ्यातच तीन स्वतंत्र युक्तिवाद आहेत. वादात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण बोलणारा माणूस एका वाटेवर अडला की नकळत दुसरीवर जातो.

पहिली वाट अशी: ‘मानल्याने कुठल्याच स्थितीत तोटा नाही, एका स्थितीत फायदा आहे, म्हणून माना.’ तुमच्या मित्राचं ‘त्याचं काही जात नाही’ हे वाक्य या वाटेवरचं आहे. हिला शक्यतांचे आकडे लागतच नाहीत. पण त्यासाठी वरच्या उजव्या चौकटीत शून्य किंवा त्याहून जास्त असायला हवं. तिथे −१ जरी आला तरी ही वाट बंद. तेव्हा मित्राला पहिला प्रश्न हा विचारा: देव नसेल तर मानणाऱ्याचं खरंच काहीच जात नाही का? याचं उत्तर माणसागणिक बदलतं. ज्याची श्रद्धा मनात दोन क्षण नमस्कार करण्यापुरती आहे त्याचा खर्च जवळपास शून्य आहे. ज्याला श्रद्धेपायी लग्न, शिक्षण, औषधोपचार किंवा आयुष्याची दिशा बदलावी लागते त्याचा खर्च मोठा आहे. आणि इथे एक अंतर्विरोध दिसतो. बक्षीस मिळण्यासाठी श्रद्धा खरी, आयुष्य व्यापणारी हवी असं सांगितलं जातं, पण खर्च मोजताना मात्र ती नमस्कारापुरती धरली जाते. दोन्ही चौकटींत एकाच प्रकारचं मानणं असलं पाहिजे.

पास्कालकडे यावर उत्तर होतं. मानणारा माणूस प्रामाणिक, नम्र, कृतज्ञ, परोपकारी होतो, म्हणजे देव नसला तरी त्याचा फायदाच आहे, असं त्याचं म्हणणं. हे काही माणसांच्या बाबतीत खरं असू शकतं. पण मग तक्त्यात तिसरी ओळ हवी: ‘न मानता चांगलं वागणे’. ते गुण या ओळीतही मिळत असतील तर त्यांचं श्रेय मानण्याच्या ओळीला देता येत नाही. गंमत म्हणजे पास्कालच्या कितीतरी आधी, पाली त्रिपिटकातल्या अपण्णक सुत्तात याच वाटेचा युक्तिवाद सापडतो. परलोक असो वा नसो, तो आहे असं धरून सदाचाराने वागणाऱ्याला या जन्मी शहाण्यांची प्रशंसा मिळते, आणि परलोक असेल तर तिथेही चांगली गती. दोन्हीकडे जिंकणारा फासा पडला, अशी उपमाही तिथे आहे. पण तिथलं बक्षीस मुख्यतः वागण्याला जोडलेलं आहे आणि या जन्मीचा खर्च लाभाने भरून निघतो असा दावा उघडपणे केलेला आहे. म्हणून तो तपासणं सोपं जातं.

दुसरी वाट म्हणजे अपेक्षित मूल्याची. मानण्याचा खर्च आहे हे कबूल करायचं, पण शक्यता आणि लाभ यांचा गुणाकार करून तो परवडतो असं दाखवायचं. देव असण्याची शक्यता ३ टक्के धरू. मानण्याचं अपेक्षित मूल्य होईल १००० चे ३ टक्के, म्हणजे ३०, वजा १० चे ९७ टक्के, म्हणजे ९.७. एकूण २०.३. न मानण्याचं शून्य. मानणं जिंकलं. मग ते हरतं कधी? वरच्या आकड्यांत शक्यता १० भागिले १०१०, म्हणजे एक टक्क्याच्या किंचित खाली गेली की. हा तोल बदलणारा आकडा दरवेळी काढावा. त्यावरून कळतं की वाद कशावर आहे. ३ टक्के की ३० टक्के यावर भांडण्यात अर्थ नाही, दोन्हीकडे निर्णय तोच. एक टक्क्याच्या आसपास मात्र भांडायला हवं.

तिसरी वाट या भांडणातून सुटण्यासाठी आहे. बक्षीस अनंत धरायचं, १००० च्या जागी ∞ लिहायचं. मग शक्यता कितीही लहान असो, शून्य नसली म्हणजे झालं. गुणाकार अनंतच येतो आणि कुठलाही मर्यादित खर्च त्यापुढे नगण्य ठरतो. तुमचा मित्र ‘सगळं मिळतं’ म्हणतो तेव्हा तो इथे उभा असतो. जो माणूस ठामपणे शून्य शक्यता धरतो त्याला ही पैज लागू होत नाही, पण बहुतेक विचारी माणसं इतकी ठाम नसतात. म्हणून ही वाट सगळ्यात ताकदवान भासते. माझ्या मते ती सगळ्यात कच्ची आहे, आणि ते दोन ठिकाणी दिसतं.

पहिलं ठिकाण म्हणजे रकाने. ‘देव आहे’ या एका रकान्यात एक ठरावीक देव गृहीत धरलेला आहे: मानणाऱ्याला बक्षीस देणारा, न मानणाऱ्याला न देणारा. देव असलाच तर तो असाच असेल हे कुणी ठरवलं? १८व्या शतकात फ्रेंच विचारवंत दिदरोने टोला मारला होता की एखादा इमामही हुबेहूब असाच युक्तिवाद करू शकेल. प्रत्येक पंथाचा देव आपापला रकाना मागतो. शिवाय कुठल्याही पंथात नसलेला, पण अशक्य नसलेला देवही आहेच: प्रामाणिकपणे शंका घेणाऱ्याला बक्षीस देणारा आणि फायद्यासाठी मानणाऱ्याला न देणारा. तो रकाना घालून बघू.

| | श्रद्धेला फळ देणारा देव | शंकेला फळ देणारा देव | देव नाही |
|---|---|---|---|
| मानणे | +१००० | −१० | −१० |
| न मानणे | ० | +१००० | ० |

पहिल्या रकान्याची शक्यता आधीसारखीच ३ टक्के ठेवू. मग उरलेल्या ९७ टक्क्यांची विभागणी दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात कशीही करा, मानण्याचं मूल्य २०.३ च राहतं, कारण त्या दोन्ही रकान्यांत मानणाऱ्याला −१० च आहे. हलतं ते न मानण्याचं मूल्य. दुसऱ्या रकान्याची शक्यता १ टक्का असेल तर न मानण्याचं मूल्य १०, मानणं जिंकतं. ३ टक्के असेल तर ३०, न मानणं जिंकतं. तोल बदलतो २ टक्क्यांच्या किंचित वर, २.०३ वर. म्हणजे आता सगळा निर्णय एका प्रश्नावर येऊन ठेपला: शंकेला फळ देणाऱ्या देवाची शक्यता श्रद्धेला फळ देणाऱ्या देवाच्या मानाने किती? याचं उत्तर तक्ता देत नाही. त्यासाठी पुरावा, परंपरांचं परीक्षण, देवाच्या स्वरूपाबद्दलचा विचार हे सगळं लागतं. ज्या वादाला बगल देण्यासाठी पैज मांडली, तोच वाद मागच्या दाराने परत आला.

आता याच तक्त्यात दोन्ही १००० च्या जागी ∞ लिहा. मानण्याचं मूल्य अनंत, न मानण्याचंही अनंत. ‘शंकेला फळ देणारा देव’ कोटीत एक शक्यतेचा असला तरी फरक पडत नाही, कारण शून्य नसलेली कुठलीही शक्यता चालते हा नियम मित्रानेच घातला होता. तक्ता कुणाच्याच बाजूने बोलत नाही. मर्यादित आकड्यांत निदान १ टक्का आणि ३ टक्के यांत फरक होता. अनंताने तोही पुसून टाकला.

दुसरं ठिकाण याहून अनपेक्षित आहे, आणि त्याला नवीन रकानासुद्धा लागत नाही. मूळ दोन रकान्यांच्या तक्त्यात बक्षीस अनंत ठेवा आणि एक नवी ओळ घाला: ‘नाणं उडवणे, छापा पडला तर मानणे, काटा पडला तर न मानणे’. याचं अपेक्षित मूल्य काय? अनंताचं निम्मं, म्हणजे अनंतच. मग मानणं आणि नाणं उडवणं सारखंच चांगलं. आणखी पुढे जा: आज काहीच न करणाऱ्या माणसालाही पुढे कधीतरी श्रद्धा जडण्याची दशलक्षात एक शक्यता असते. त्याचंही मूल्य अनंत. म्हणजे या हिशोबात जवळपास प्रत्येक पर्याय बरोबरीत येतो आणि ‘म्हणून मानलंच पाहिजे’ हा निष्कर्ष निघत नाही. तत्त्वज्ञ ॲलन हायेक यांनी २००३ साली हा मुद्दा नेमकेपणाने मांडला: आधारविधानं सगळी मान्य केली तरी निष्कर्ष त्यांतून येत नाही.

यावर मित्र एक वाजवी दुरुस्ती सुचवू शकेल: दोन पर्यायांचं मूल्य अनंत असेल तर ज्यात बक्षीस मिळण्याची शक्यता जास्त, तो निवडावा. ही दुरुस्ती मला पटते. तिने नाणं उडवण्याची अडचण सुटते. पण तिच्यामुळे लहानमोठ्या शक्यतांमधला फरक पुन्हा महत्त्वाचा ठरतो, आणि ‘शक्यता कितीही लहान चालेल’ हे सोडून द्यावं लागतं. मग आपण पुन्हा तीन रकान्यांच्या तक्त्यावर, कोणता देव जास्त संभवनीय या प्रश्नापाशी येतो.

रकान्यांइतकंच ओळींकडेही बघावं लागतं. ‘मानणे’ ही ओळ आपण हातातल्या पर्यायासारखी लिहिली. पण ठरवून मानता येतं का? समोरच्या भिंतीचा रंग पांढरा दिसत असताना, कितीही मोठं बक्षीस लावलं तरी ‘तो हिरवा आहे’ असं मला मनापासून मानता येणार नाही. तसं म्हणता येईल, तसं वागता येईल. पास्कालला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून तो शंकेखोराला सांगतो की मानत असल्यासारखं वाग, तीर्थ घे, प्रार्थनासभा करव, हळूहळू श्रद्धा जडेल. म्हणजे खरा पर्याय आहे ‘मानण्याचा प्रयत्न करणे’, आणि तो यशस्वी होईलच असं नाही. यशाची शक्यता निम्मी धरली तर वरच्या तक्त्यात पहिल्या रकान्यातून येणारे ३० घटून १५ होतात. खर्च मात्र तसाच राहतो, कारण प्रयत्न फसला तरी वेळ गेलेलाच असतो. एकूण मूल्य उरतं सुमारे ५. शंकेला फळ देणारा देव १ टक्का असताना न मानण्याचं मूल्य १० होतं. आधी जिंकलेला पर्याय नुसती ओळ नीट लिहिल्याने हरला. शिवाय फायद्याच्या हिशोबाने जडवून घेतलेल्या श्रद्धेला पूर्ण बक्षीस मिळेल का, हाही त्या चौकटीतला स्वतंत्र प्रश्न आहे. काही श्रद्धाळूंनाच ही पैज न रुचण्याचं कारण हेच असतं.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या मित्राला श्रद्धा आधीपासूनच असेल आणि तो ती टिकवावी की सोडावी असा विचार करत असेल, तर त्याच्या ओळी वेगळ्या होतात. त्याच्यासाठी मानण्याचा खर्च कमी, यशाची शक्यता जवळपास पूर्ण, आणि सोडण्याचाच खर्च मोठा असू शकतो: घर, नाती, सवयी. तोच तक्ता तुमच्यासाठी ‘नको’ आणि त्याच्यासाठी ‘हो’ म्हणू शकतो, आणि त्यात दोघांपैकी कुणाची चूक नसते. म्हणून ‘कुणीही शहाणा माणूस मानेल’ हे वाक्य मात्र स्वीकारू नका.

असेच युक्तिवाद देवाखेरीज इतरत्रही भेटतात. कुणी म्हणतं, ‘माझ्यावर विश्वास ठेव, शक्यता कमी असेल, पण खरं निघालं तर लाभ अफाट आहे.’ लाभाचा आकडा वाढवायला बोलणाऱ्याला काहीच खर्च येत नाही, म्हणून आकडा जितका मोठा तितकी तो खरा असण्याची शक्यता आपण कमी धरायला हवी. दसपट लाभाच्या आश्वासनावर शक्यता दसपटीहून जास्त घटत असेल, तर अपेक्षित मूल्य वाढत नाही, उलट कमी होतं. तक्त्यात मात्र शक्यता एकदाच लिहून ठेवली जाते आणि लाभ वाढवत नेला जातो. ही खूण दिसली की थांबा.

एक प्रकार यातून वगळायला हवा. काही बाबतींत मानण्यानेच रकान्याची शक्यता बदलते: मला हे जमेल असं मानणाऱ्याला ते जमण्याची शक्यता खरोखर वाढू शकते. तिथे प्रत्येक ओळीसाठी शक्यता वेगळी लिहावी लागते. देवाच्या पैजेत तसं नाही, माझ्या मानण्याने देव असण्याची शक्यता हलत नाही. म्हणून तिथे दोन्ही ओळींना एकच शक्यता चालते.

मित्राशी बोलताना सगळं एकदम काढू नका. दोन रकान्यांचा तक्ता त्यालाच मांडायला सांगा आणि चौकटीतले आकडेही त्यालाच घालू द्या. मग विचारा की तो तीनपैकी कुठल्या वाटेने जातोय. ‘काही जात नाही’ म्हणाला तर उजवी वरची चौकट आणि न मानता चांगलं वागण्याची ओळ दाखवा. ‘शक्यता परवडते’ म्हणाला तर तोल बदलणारा आकडा दोघं मिळून काढा. ‘लाभ अनंत आहे’ म्हणाला तर तिसरा रकाना घाला आणि त्यात किती शक्यता लिहायची ते त्याला ठरवू द्या. तो ‘शून्य’ म्हणाला तर का, हे विचारा. त्याला तिथे जी कारणं द्यावी लागतील ती देवाच्या स्वरूपाबद्दलची असतील, पैजेच्या फायद्याबद्दलची नसतील, आणि त्या कारणांवर तुम्ही दोघं नेहमीसारखी चर्चा करू शकाल.